शारजाहून चिपळूणला: पगाराचं गणित आणि नव्यानं उभं केलेलं काम

परत आल्यानंतरच्या पहिल्याच मुलाखतीत एचआरच्या बाईंनी विचारलं, "तिकडे किती मिळत होते?" मी सांगितलं, नऊ हजार दिरहम. त्यांनी मोबाइलवर हिशेब केला. 2022 च्या मध्यात दिरहम एकवीस रुपयांच्या आसपास होता. महिन्याचे एक लाख एकोणनव्वद हजार झाले. बाईंनी मोबाइल खाली ठेवला आणि मला म्हणाल्या, "आमच्याकडे हे बसणार नाही, सर." माझ्या कामाबद्दल पुढे एकही प्रश्न आला नाही.

मी रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनात मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि मुंबईत थोडी वर्षं काढून दुबईला गेलो. तिथे अकरा वर्षं इमारतींच्या वातानुकूलनाच्या देखभालीचं काम केलं. सगळी वर्षं एकाच मोठ्या देखभाल कंपनीत, शेवटी तिथेच सुपरवायझर होतो. राहायला शारजात, काम दुबईत. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा आई-वडील, बायको आणि दोन्ही मुलं वरच्या मजल्यावर अडकली होती आणि दोन दिवस फोन लागत नव्हता. परतायचं तेव्हाच ठरलं. पुढचं वर्ष तयारीत गेलं.

घरी येऊन मी वही काढली आणि सगळा हिशेब मांडला, कारण ते एक लाख एकोणनव्वद हजार माझ्या हातात कधीच पडले नव्हते. नऊ हजारातले साडेतीन हजार दिरहम खोलीचं भाडं, जेवण, शारजा-दुबई येणं-जाणं आणि फोन यांतच जायचे. घरी यायचे साडेपाच हजार, म्हणजे एक लाख पंधरा हजार रुपये. त्यातले पंचेचाळीस हजार घरखर्चाला लागत आणि सत्तर हजार शिल्लक पडत. आता मी घरी राहणार म्हणजे खर्च पन्नास हजारांवर जाणार. घर स्वतःचं, कर्ज नाही. तेव्हा प्रश्न एक लाख एकोणनव्वद हजार कुठून मिळतील हा नव्हताच. पन्नास हजार हातात पक्के पडतात का, आणि महिन्याची सत्तर हजारांची शिल्लक थांबणार हे कुटुंबाला चालेल का, असे दोनच प्रश्न होते. दुसऱ्यावर आम्ही घरात बसून बोललो. बायकोनं सरळ सांगितलं, "शिल्लक पुरे झाली, तुम्ही घरी हवे आहात."

शिल्लक थांबण्याआधी एक मोठी रक्कम हातात आली होती, ती तिकडच्या ग्रॅच्युइटीची. अमिरातीत ती फक्त मूळ पगारावर मोजतात. पहिल्या पाच वर्षांचे दर वर्षी एकवीस दिवस आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचे तीस दिवस. माझा मूळ पगार साडेचार हजार, म्हणजे दिवसाचे दीडशे दिरहम. पाच वर्षांचे एकशे पाच दिवस, सहा वर्षांचे एकशे ऐंशी, एकूण दोनशे पंच्याऐंशी दिवस. बेचाळीस हजार सातशे पन्नास दिरहम, म्हणजे जवळजवळ नऊ लाख रुपये. नऊ हजारातला निम्माच पगार 'बेसिक' म्हणून दाखवला होता, म्हणून रक्कमही निम्मीच झाली. तिकडे नोकरी बदलणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो की एकूण आकडा ऐकून हो म्हणू नका, करारात बेसिक किती लिहिलंय ते आधी बघा. शेवटच्या दिवशी तेच मोजलं जातं.

बँकेचं कामही लगेच करावं लागतं. कायमचं परत आलो की परदेशातली कमाई ठेवायचं एनआरई खातं निवासी खातं करून घ्यायचं असतं. ठेवीचा ठरलेला व्याजदर मुदतीपर्यंत तसाच राहतो, पण एनआरई ठेवीच्या व्याजावरची करमाफी संपते. ओळखीचे बरेच जण हे वर्षानुवर्षं लांबवतात. मी महिन्याभरात करून टाकलं.

दुसरी मुलाखत लोट्याच्या एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्यात होती. तिथेही शेवटच्या पगाराचा प्रश्न आला. या वेळी मी दिरहम बोललोच नाही. "तिकडचा पगार तिकडच्या खर्चासाठी होता. मला महिन्याला पन्नास हजार हातात हवेत," असं म्हणून मी माझ्याकडे काय होतं ते सांगितलं: तीन हजार टन क्षमतेचे, पाणी थंड करणारे चिलर, अठरा माणसं, तीन पाळ्या, सुट्या भागांचं वर्षाचं बजेट. समोर बसलेले युटिलिटीचे साहेब पुढे सरकले आणि चिलरबद्दल विचारू लागले. अर्धा तास आम्ही कंडेन्सरच्या, म्हणजे गॅसची उष्णता पाण्यात सोडणाऱ्या भागाच्या, नळ्यांवर बोललो. नोकरी मिळाली ती त्या अर्ध्या तासामुळे.

देऊ केलेला पगार होता वर्षाला सात लाख वीस हजार सीटीसी, म्हणजे कंपनीला माझ्यावर पडणारा एकूण खर्च. ऐकायला महिन्याचे साठ हजार. पण हा आकडा फोडून बघावा लागतो, तिकडून आलेल्या माणसाला याची सवय नसते. मूळ पगार तीस हजार. कंपनीच्या वाट्याचा पीएफ छत्तीसशे रुपये त्या साठ हजारांतलाच. ग्रॅच्युइटीचे चौदाशे त्रेचाळीस रुपये त्यातच, आणि तीही पाच वर्षं टिकलो तरच मिळणार. शिवाय सहा हजार 'व्हेरिएबल', म्हणजे वर्षाअखेरीस कारखाना आणि साहेब दोघांच्या मर्जीनं मिळणारे. राहिले अठ्ठेचाळीस हजार नऊशे. त्यातून माझ्या वाट्याचा पीएफ छत्तीसशे आणि व्यवसाय कर दोनशे गेला की हातात पंचेचाळीस हजार. माझी गरज पन्नासची. मी एकूण आकडा वाढवून मागितला नाही, कारण त्या पदाला ठरलेली पट्टी असते आणि एचआरला तिच्या वर जाता येत नाही. मी एवढंच मागितलं की व्हेरिएबल काढून ते सहा हजार दर महिन्याच्या भत्त्यात द्या. कंपनीचा खर्च तेवढाच राहत होता, म्हणून त्यांनी मान्य केलं. हातात एक्कावन्न हजार येऊ लागले.

काम सुरू झालं आणि अपेक्षा किती वेगळ्या आहेत ते कळायला लागलं. दुबईत सकाळी संगणकावर कामांची यादी यायची. कुठल्या मशिनची कुठली देखभाल, किती वेळात, कोणी करायची, सगळं ठरलेलं. तक्रारीला वेळेत उत्तर गेलं नाही की कंपनीला दंड. इथे उत्पादन विभागातून फोन येतो, "रिअ‍ॅक्टर तापलाय, ब्राइन खाली येत नाही, लवकर या." ब्राइन म्हणजे रिअॅक्टर थंड ठेवणारं खारं पाणी, त्याचं तापमान उतरत नसतं. यादी नाही, नोंद नाही. काम झालं की विषय संपला. तिकडे चांगला माणूस म्हणजे ज्याचे कागद पूर्ण. इथे चांगला माणूस म्हणजे जो रात्री दोनला फोन उचलतो. दोन्हींना आपापली कारणं आहेत. तिकडे गिऱ्हाईक भाडेकरू असतो आणि करारावर चालतो. इथे बॅच अडकली तर कच्चा माल वाया जातो, त्याची किंमत माझ्या वर्षभराच्या पगाराहून जास्त असते. हे लक्षात आल्यावर रात्रीच्या फोनचा राग येईनासा झाला. पण लॉगशीटवर पुढच्या चार तासांचे आकडे आधीच भरून ठेवलेले दिसले तेव्हा मात्र मी गप्प बसलो नाही. तापमान मोजलंच नसेल तर मशिन बिघडतंय हे कळणार कसं?

त्याच लॉगशीटमुळे माझं पहिलं खरं काम उभं राहिलं. आमच्याकडे दोनशे टनांचा पाण्यानं थंड होणारा स्क्रू चिलर होता. पावसाळ्यात तो भार पेलेना. सगळे म्हणत होते गॅस कमी झालाय, भरून घ्या. मी ऑपरेटर काकांबरोबर आठवडाभर दर दोन तासांनी स्वतः आकडे घेतले. कंडेन्सरमधून बाहेर पडणारं पाणी चौतीस अंश होतं आणि कंडेन्सरच्या दाबावरून काढलेलं गॅसचं तापमान एकेचाळीस. या दोन्हींतल्या फरकाला आम्ही अ‍ॅप्रोच म्हणतो. नळ्या स्वच्छ असतील तर तो दोनेक अंश असतो. इथे सात होता. म्हणजे उष्णता गॅसमधून पाण्यात जात नव्हती.

अशा वेळी गॅस भरणं हे सगळ्यात वाईट. गॅस खरोखर कमी असेल तर कंडेन्सरचा दाब वाढत नाही आणि बाष्पीभवनाच्या बाजूचा दाब घसरतो. इथे चित्र उलटं होतं. अ‍ॅप्रोच वाढायची कारणं साधारण तीन: नळ्यांत थर, गॅस जास्त भरलेला, किंवा यंत्रणेत हवा शिरलेली. हवेची तपासणी सोपी आहे. चिलर बंद ठेवून आतलं तापमान बाहेरच्या पाण्याएवढं होऊ द्यायचं आणि दाब त्या तापमानाच्या तक्त्याशी जुळतो का बघायचा. हवा असेल तर दाब तक्त्यापेक्षा जास्त दिसतो. आमचा जुळला. मग झाकण उघडलं. नळ्यांत तांबडा गाळ बसलेला होता, हातात घेतला तर बुळबुळीत. दुबईत मी क्षारांचे पांढरे थर बघत आलो होतो. कोकणातलं पाणी मऊ, पण पावसाळ्यात नदीतून लाल माती घेऊन येतं आणि कूलिंग टॉवरमध्ये ते शेवाळाबरोबर घट्ट होत जातं.

खरं कारण आणखी वेगळं निघालं. टॉवरचं पाणी उडून जातं आणि गाळ मागे उरतो, म्हणून थोडं पाणी सतत बाहेर सोडायचं असतं. त्याला ब्लोडाउन म्हणतात. तो वॉल्व्ह कोणीतरी घट्ट बंद करून ठेवला होता, कारण पाण्याचं बिल एका विभागावर पडत होतं आणि विजेचं दुसऱ्यावर. पाणी वाचवणाऱ्याला शाबासकी मिळत होती.

नळ्या ब्रशनं साफ केल्या, टॉवरची टाकी उपसली, वॉल्व्ह उघडला. अ‍ॅप्रोच अडीचवर आला. गॅसचं तापमान एक अंश खाली आलं की कॉम्प्रेसरची वीज दोन-तीन टक्के कमी लागते. साडेचार अंशांचे मी सावधपणे दहा टक्के धरले. कॉम्प्रेसर सरासरी दीडशे किलोवॉट घेत होता, म्हणजे तासाला पंधरा युनिट वाचले. दिवसाला वीस तास आणि युनिटला नऊ रुपये धरले तर दिवसाचे सत्तावीसशे आणि महिन्याचे ऐंशी हजारांच्या वर. हे एका पानावर लिहून मी साहेबांना दिलं. खाली लिहिलं की भार कमी झाला तर बचतही कमी होईल आणि दर महिन्याला अ‍ॅप्रोच बघितला नाही तर पुढच्या पावसाळ्यात गाळ परत बसेल. हे तळचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यामुळे आकड्यावर विश्वास बसतो.

त्या कामानं पगार वाढला नाही. वार्षिक वाढ सगळ्यांना होती तेवढीच, आठ टक्के. पण ते पान फिरलं. साहेबांचे एक मित्र शेजारच्या कारखान्यात होते, त्यांनी सुट्टीच्या दिवशी येऊन चिलर बघायला सांगितलं. चिपळुणात बेअरिंग आणि कॉम्प्रेसरचे भाग विकणारे एक दुकानदार आहेत. कोणाचं मशिन सारखं बिघडतंय हे त्यांच्याएवढं कोणालाच ठाऊक नसतं, कारण तोच भाग वर्षात तिसऱ्यांदा न्यायला माणूस त्यांच्याकडेच येतो. परत आल्यावर मी इंटरनेटवरच्या नोकऱ्यांच्या स्थळांवर बरेच अर्ज टाकले होते, त्यांतून पुण्या-मुंबईचेच फोन आले. इथली ओळख मात्र त्या दुकानाच्या बाकड्यावर बसून झाली. तिकडे माझ्या ओळखी होत्या त्या सहकाऱ्यांच्या. मल्याळी, पाकिस्तानी, फिलिपिनो, एकाहून एक माहीतगार. पण लोट्यातला ब्राइन प्लांट बिघडला तर त्यांचा फोन मला उपयोगी नव्हता. ते वर्तुळ तिथेच राहिलं आणि इथे वयाच्या चाळिशीत नव्यानं माणसं जोडावी लागली.

ज्ञानातही खड्डे होते. रत्नागिरीत मिरकरवाड्याला बर्फाचे कारखाने अमोनियावर चालतात. मी आयुष्यात अमोनिया हाताळला नव्हता, कारण इमारतींत तो वापरत नाहीत. त्यात तांबं किंवा पितळ चालत नाही, अमोनिया ते खातो. शिवाय तेल त्यात विरघळत नाही, ते खाली बसतं आणि हातानं काढावं लागतं. ते काढताना दरवर्षी कुठे ना कुठे माणूस भाजतो, असं तिथल्या जुन्या मिस्त्रींनी मला बजावलं होतं. मी त्या मिस्त्रीकाकांच्या हाताखाली रविवारी जाऊन शिकलो. पंधरा वर्षांचा अनुभव आहे म्हणून त्यांनी मला साहेब म्हटलं, पण वॉल्व्ह मात्र बरेच दिवस हातात दिला नाही. तेच बरोबर होतं.

दीडेक वर्षानं मी नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं, चिलर आणि शीतगृहांच्या वार्षिक देखभालीचं. कारखान्यानंच पहिला करार दिला. जीएसटी क्रमांक घेतला, कारण मोठे कारखाने त्याशिवाय बिल स्वीकारत नाहीत. आणि इथे पैशाचं असं गणित भेटलं जे नोकरदाराला कधी दिसत नाही. एका ठिकाणी दीड लाखाचं काम केलं, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे सत्तावीस हजार. बिल दिलं त्याच्या पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला ते सत्तावीस हजार सरकारला भरायचे असतात, गिऱ्हाइकाचे पैसे आलेले असोत की नसोत. पैसे आले चौथ्या महिन्यात, एक टक्का टीडीएस कापून. तोपर्यंत कामाला ठेवलेल्या दोन पोरांचे पगार आणि सुटे भाग माझ्या खिशातून गेले होते. ग्रॅच्युइटीचे ते नऊ लाख याच वेळी कामी आले. ते घरात किंवा गाडीत घातले असते तर धंदा पहिल्याच वर्षी बंद पडला असता.

बँकेकडे गेलो तेव्हा कळलं की माझा कर्जाचा इतिहासच नाही. अकरा वर्षं तिकडच्या बँकेत कार्डाचं बिल वेळेवर भरलं, पण इथल्या सिबिलला त्यातलं काहीही दिसत नाही. मी ठेवीवर एक छोटं क्रेडिट कार्ड घेतलं आणि दर महिन्याला वापरून भरत गेलो. ओव्हरड्राफ्ट मिळायला त्यानंतरही वर्ष गेलं.

उधारीवर उपाय सापडला तो आमच्या सीए ताईंमुळे. त्यांनी छोट्या उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी करून दिली आणि क्रमांक बिलावर ठळक छापायला सांगितला. 2006 च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत आणि करार नसेल तर पंधरा दिवसांत द्यावे लागतात. हा नियम आधी कोणी मनावर घेत नव्हतं. पण 1 एप्रिल 2024 पासून आयकराच्या कलम 43बी मध्ये नवं पोटकलम लागू झालं. मुदत उलटली तर ती रक्कम बिलाच्या वर्षाचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षीच दाखवता येते. म्हणजे माझे दीड लाख थकवून मार्च उलटला तर कंपनीला तेवढ्या रकमेवर आधी कर भरावा लागतो. तेव्हापासून मार्चमध्ये अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात. याला मर्यादा आहे. नोंदणी कामाच्या आधी झालेली हवी, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला हा फायदा नाही, आणि वर्षाच्या मधल्या महिन्यांत हे दडपण तितकं चालत नाही. छोट्या बर्फवाल्याला तर कलमं सांगून उपयोग नसतो. त्याच्याकडून मी चाळीस टक्के आगाऊ घेतो आणि बाकीचे मासेमारीच्या हंगामात. जूनपासून दोन महिने बोटी बंद असतात, तेव्हा मागणंच चूक.

नातेवाइकांना अजून वाटतं की दुबईचे पैसे कुठेतरी ठेवलेले आहेत. लग्नाच्या आहेरापासून उसनवारीपर्यंत त्याच मापानं मोजलं जातं. यात मी घरच्यांना एकच गोष्ट मोकळेपणानं सांगायला लावली: महिन्याला घरात किती येतात तो आकडा. तो कळल्यावर मागणी कमी झाली.

आता सगळा खर्च आणि दोन्ही पोरांचे पगार वजा जाऊन वर्षाला नऊ-दहा लाख उरतात. तिकडच्याएवढी शिल्लक अजून पडत नाही आणि पीएफ थांबल्यामुळे म्हातारपणाची तरतूद मला स्वतःच दर महिन्याला बाजूला काढावी लागते. मार्च ते मे कामाचा पूर असतो आणि पावसाळ्यात हात रिकामे. म्हणून या वर्षापासून करारांचं बिल तिमाहीवर आणलंय आणि नळ्या साफ करायची कामं जाणूनबुजून ऑक्टोबरला ठेवतोय, लाल पाणी ओसरल्यावर.